म्हातारपणीची नवी डोकेदुखी ‘बीपी’च्या नावावर नको

डिलाईल रोडच्या चाळींमध्ये गिरणीच्या जमान्यातली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. या वयाच्या माणसानं ‘डोकं दुखतंय’ म्हटलं की घरातल्यांची उत्तरं ठरलेली असतात. बीपी वाढलं असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, झोप झाली नसेल. बाम चोळला जातो, एक गोळी दिली जाते आणि विषय संपतो. बहुतेक वेळा यानं काही बिघडत नाही. पण आयुष्यभर डोकं न दुखलेल्या माणसाचं डोकं पन्नाशीनंतर, विशेषतः सत्तरीच्या आसपास, पहिल्यांदाच सलग दुखू लागलं, तर कारण शोधल्याशिवाय त्या दुखण्याला जुन्या आजाराचं नाव देणं चुकीचं आहे. थोडंसं वाढलेलं बीपी सहसा डोकं दुखवत नाही. उलट दुखण्यामुळेच बीपी वाढलेलं दिसू शकतं.

समजा, इथल्याच एका चाळीत ७४ वर्षांच्या एक आजी आहेत. तीन आठवड्यांपासून त्यांचं डावं कानशील ठणकतं. सकाळी सून केस विंचरायला बसली की त्या कंगवा बाजूला सारतात, ‘हळू गं, टाळूला हात लावू नकोस.’ उशीवर डाव्या कुशीला डोकं टेकवत नाही. जेवताना चार-पाच घास भाकरी चावली की जबडा भरून येतो, म्हणून त्या थांबतात. दोन मिनिटांनी दुखणं शमतं, पुन्हा चावायला लागलं की पुन्हा सुरू. घरच्यांनी आधी बीपी मोजलं, मग चष्मा तपासला, मग दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दात ठीक निघाले. दरम्यान भूक मंदावली, वजन थोडं उतरलं, संध्याकाळी अंगात कसर वाटू लागली. प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरला सांगितली गेली. सगळ्या एकत्र कुणीच ऐकल्या नाहीत.

एकत्र ऐकल्या असत्या, तर एक आजार लगेच डोळ्यांपुढे आला असता. तो म्हणजे टेम्पोरल आर्टेरायटिस, ज्याला आता जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात. यात मानेतून डोक्याकडे जाणाऱ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते. भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि रक्त कमी पोचतं. कानशिलावरून जाणारी धमनी सुजली की डोकं आणि टाळू दुखते. कधी ती धमनी बोटाला दोरीसारखी कडक लागते, तिचं स्पंदनही जाणवत नाही. चावण्याच्या स्नायूंना रक्त कमी पडलं की जबडा दुखतो.

दातदुखी आणि हे जबड्याचं दुखणं वेगळं ओळखता येतं. दात पहिल्याच घासाला किंवा गार पाण्यानं ठणकतो, आणि दुखणारी जागा बोटानं दाखवता येते. धमनीचं दुखणं थोडा वेळ चावल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाच्या पोटऱ्या चालताना भरून येतात आणि उभं राहिल्यावर सुटतात, तसंच हे. काहींचे खांदे आणि मांड्या सकाळी जखडलेल्या असतात, हात वर करून सदरा घालणंही जमत नाही. तोही याच आजाराचा सोबती असू शकतो.

१८९० साली लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी एका वृद्धाची नोंद केली. कानशिलावरच्या सुजलेल्या, दुखऱ्या धमन्यांमुळे त्याला टोपी घालवत नव्हती. त्या टोपीत आणि आजींच्या कंगव्यात फरक नाही. फरक इतकाच, की हचिन्सन यांच्याकडे उपचार नव्हता आणि आज तो आहे.

खरा धोका डोळ्यांना आहे. डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बंद पडल्या, तर दृष्टी अचानक जाते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. उपचार झाले नाहीत तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दुसरा डोळाही जाऊ शकतो. बऱ्याच जणांना आधी इशारा मिळतो. एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आल्यासारखं होतं आणि पुन्हा स्वच्छ दिसतं, किंवा एकाची दोन दिसतात. आजींना एका दुपारी असाच पडदा आला. ‘मोतीबिंदू पिकला असेल,’ असं त्या म्हणाल्या. पण मोतीबिंदू असा मिनिटांत येत नाही नि जात नाही. अशा वेळी पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्यायची नसते. त्याच दिवशी केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं असतं.

तिथे पहिल्या तपासण्या साध्या आहेत. ईएसआर आणि सीआरपी, दोन्ही रक्ताच्या. बाईच्या वयात दहा मिळवून निम्मं केलं की ईएसआरची ढोबळ मर्यादा मिळते. आजींसाठी ती ४२ येते. त्यांचा निघाला ९६. पण इथे एक अडचण आहे. क्षयरोग, रक्तक्षय किंवा साधा संसर्गही ईएसआर वाढवतो, आणि थोड्या रुग्णांत या आजारातही तो सामान्य निघतो. म्हणून आकडा लक्षणांशी जोडूनच वाचावा लागतो.

पक्कं निदान कानशिलाच्या धमनीचा छोटा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सीनं होतं. भूल तेवढ्या जागेपुरती दिली जाते. काही ठिकाणी सोनोग्राफीतही धमनीभोवती सुजेची काळी कडा दिसते. सूज धमनीत सलग नसते, म्हणून तुकडा सेंटीमीटरभर तरी लांब हवा. तो निर्दोष निघाला तरी आजार नाही, असं ठामपणे म्हणता येत नाही.

मतभेद होतात ते इथे. अहवाल येईपर्यंत थांबायचं का? थांबू नये. शंका दाट असेल तर प्रेडनिसोलोन दिवसाला ४० ते ६० मिलिग्रॅम लगेच सुरू करतात. दृष्टीवर परिणाम दिसू लागला असेल तर आधी शिरेतून मोठा डोस देतात. स्टिरॉइड सुरू झाल्यावर पुढचे एक-दोन आठवडे बायोप्सीत आजाराच्या खुणा सापडतात, त्यामुळे आधी औषध आणि मग तुकडा, हाच क्रम योग्य. दोन-तीन दिवसांत डोकेदुखी ओसरली, तर निदानाला आणखी आधार मिळतो.

‘स्टिरॉइड’ शब्दानं घरचे बिचकतात, ते अगदीच चूक नाही. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जुना क्षय डोकं वर काढू शकतो. म्हणून साखर मोजणं, छातीचा एक्स-रे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे सोबतच सुरू होतं. डोस हळूहळू उतरवत वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ चालतो, आणि बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायचा नसतो. केमिस्टकडून आपल्या मनानं चार गोळ्या घेणं मात्र सर्वांत वाईट. त्यानं दुखणं दबतं, आजार नाही.

हा आजार आपल्याकडे उत्तर युरोपपेक्षा कमी आढळतो, मग प्रत्येक डोकेदुखीत तो कशाला शोधायचा, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येक डोकेदुखीत नकोच. पण वयस्क माणसाची डोकेदुखी नवी असेल, तर विचारायचे प्रश्न तीनच आहेत: विंचरताना टाळू दुखते का, चावताना जबडा भरून येतो का, मधेच दिसेनासं होतं का. डॉक्टरांनी ते विचारले नाहीत, तर सुनेनं किंवा मुलानं आपणहून सांगावेत. एकाच वेळी, एकाच डॉक्टरला.