सपाट पाठीचा पंख आणि एक लाडके असत्य

विमानविद्येच्या इतिहासावर लिहिणारे एक वाक्य एकमेकांकडून उचलत आले आहेत: ‘रिचर्ड व्हिटकॉम्बने पंखाची पाठ सपाट केली, त्यामुळे तिच्यावरची हवा ध्वनिवेग ओलांडेनाशी झाली आणि आघात तरंग नाहीसे झाले.’ या वाक्यात व्हिटकॉम्बचे नाव आणि सपाट पाठ एवढेच खरे आहे.

त्या पंखाचे नावच पाहा ना. सुपरक्रिटिकल! विमानाच्या ज्या वेगाला पंखावरची हवा कुठेतरी प्रथम ध्वनिवेग गाठते, तो क्रिटिकल वेग. तो ओलांडून उडायचे म्हणूनच हे नाव. पाठीवरची हवा ध्वनीहून वेगाने धावणार, हे व्हिटकॉम्बने गृहीतच धरले होते. ती पुन्हा मंद कशी होते, हा त्याचा प्रश्न होता.

जुन्या पंखाची पाठ कमानदार असे. ध्वनीहून वेगवान हवा बहिर्वक्र पृष्ठावरून जाताना पसरते आणि पसरता पसरता आणखी वेग घेते. म्हणजे कमान जितकी लांबते तितकी हवा अधिक उधळते. अखेरीस तिला मंद व्हावेच लागते, आणि ते सारे एका आघात तरंगात, एका झटक्यात घडते.

दोन आकडे ताडून पाहू. आघातापूर्वी पृष्ठालगत मॅक १.४ असेल, तर लंब आघातात दाब दुपटीहून थोडा अधिक वाढतो आणि हवेचा एकूण दाब सुमारे ४ टक्के वाया जातो. तोच वेग मॅक १.२ असेल तर दाब केवळ दीडपट होतो आणि हानी एका टक्क्याहूनही कमी राहते. शिवाय मॅक १.३ च्या आसपास गेलेल्या आघातापुढे पृष्ठालगतचा मंद सीमास्तर टिकत नाही. तो पंखापासून सुटतो, रोध झपाट्याने वाढतो, पंख थरथरू लागतो. आघात असणे हा दोष नव्हेच, त्याचा जोर हा दोष आहे.

सपाट पाठीचे काम इथे सुरू होते. बोथट, रुंद नाकाशी हवा थोड्या अंतरात वेग घेते. तिथून निघालेले प्रसरण तरंग वर ध्वनिवेगाच्या सीमेवर आपटतात आणि संकोच तरंग होऊन पृष्ठाकडे परततात. हे परतलेले तरंग हवेला हळूहळू मंद करू पाहतात. कमानदार पाठ नवनवे प्रसरण निर्माण करून त्यांना निष्प्रभ करते; सपाट पाठ तसे करीत नाही. म्हणून वेग मॅक १.२ च्या आसपास राहतो आणि शेवटी येणारा आघात दुर्बळ असतो.

पण पाठ सपाट केली की पुढच्या भागातली उचल घटते. ती भरून काढण्यासाठी पंखाचा खालचा भाग मागच्या टोकाशी आतल्या बाजूला खोलगट केला जातो. त्याची किंमत द्यावी लागते: उचल मागे सरकल्यामुळे नाक खाली झुकू पाहते, शेपटीला ते सावरावे लागते, आणि मागची कड इतकी पातळ होते की तिच्यात झडपा बसवणे जिकिरीचे ठरते. हा अर्धा भाग लोकप्रिय लेखांत बहुधा नसतोच.

आता ‘आघात नाहीसे झाले’ या दाव्याकडे वळू. आघातहीन प्रवाह शक्य आहे. पण कॅथलीन मोराविट्झ या गणितज्ञेने १९५६ ते १९५८ दरम्यान सिद्ध केले की असा प्रवाह एकाकी असतो. आकारात किंचित बदल केला की आघात पुन्हा उगवतो. प्रत्यक्षातल्या विमानाचा वेग आणि वजन तर सतत बदलत असते. खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशाला ऊन नेमके पडले, तर आजच्या पंखावरही त्या आघाताची थरथरती रेघ दिसते.

श्रेयाचाही हिशेब एकाच नावावर मांडणे योग्य नाही. व्हिटकॉम्ब लँग्लेच्या वायुबोगद्यात प्रतिकृती स्वतः कानशीने घासत असे, हे खरे; १९७१ च्या ९ मार्च रोजी टॉम मॅकमर्ट्रीने त्याचा पंख बसवलेले एफ-८ उडवले, हेही खरे. परंतु इंग्लंडात टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पीअर्सी यांनी नाकाशी वेग चढवून हवा आघाताविना बरीचशी मंद करणारे छेद त्याच्याही आधी अभ्यासले होते.

आणि उपयोग? व्हिटकॉम्बला ध्वनिवेगाला खेटून उडणारी प्रवासी विमाने हवी होती. १९७३ साली तेल महागले आणि विमान कंपन्यांनी वेगाऐवजी बचत निवडली. त्याच वेगाला तोच रोध ठेवून पंख अधिक जाड करता येतो. जाड पंख हलका बांधता येतो, त्यात इंधनही अधिक मावते. वेगासाठी घडवलेला आकार विमानतळांवर आज मुख्यतः काटकसरीसाठी उभा आहे.