दोन ग्रॅमच्या आतला डाग आणि खिशातले बिल

अकीका असो की निकाह, जवळच्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाणे आपल्याला बरे वाटत नाही. मग दीड-पावणेदोन ग्रॅमची अंगठी किंवा बाळाच्या बाळ्या घेतल्या जातात. डाग डबीत जातो, बिल मात्र देणाऱ्याच्या खिशात राहते. किंमत कळू नये हा त्यातला संकोच. पण त्याचा भुर्दंड भेट घेणाऱ्याला बसतो.

ज्या जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा आहे, तेथे 1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. मात्र दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागाला ही सक्ती नाही. आणि भेटीचे बहुतेक डाग नेमके त्याच वजनाचे! ‘केडीएम आहे’ या शब्दावर विसंबू नये. तो डाखाचा प्रकार आहे, शुद्धतेची खूण नव्हे.

हिशेब पाहू. समजा 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 रुपये आहे. 1.8 ग्रॅमच्या अंगठीचे सोने 18,000, पंधरा टक्के मजुरी 2,700, त्यावर तीन टक्के जीएसटी 621. एकूण 21,321 रुपये. ती मोडताना मजुरी आणि कर गेलेच. सोने खरोखर 22 कॅरेटचे असेल तर घट वजा जाता 18,000 च्या आसपास हाती येतात. पण यंत्रावर कस 18 कॅरेट निघाला, तर त्याच वजनाचे जेमतेम 14,700 होतात. अंगावर खूण नाही, हातात बिल नाही. मग दाद कोणाकडे मागायची?

माझे मत असे, की आणखी सुमारे तीन हजार घालून दोन ग्रॅमच्या किंचित वरची, हॉलमार्कची अंगठी घ्यावी. एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर दुकानातच पडताळून पाहता येतो. हॉलमार्क असूनही कस कमी निघाला, तर तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. पण तेथेही बिल लागतेच. ऐपत नसेल तर लहानच घ्या, मात्र कच्च्या चिठ्ठीवर नको. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. खडे असतील तर त्यांचे वजन सोन्यात धरलेले नाही ना, तेही पाहा. दोन गुंजांचा खडा लहान डागात फार महाग पडतो.

नाण्यात मजुरी कमी जाते, हे खरे. पण बँक स्वतः विकलेले नाणे परत घेत नाही; ते सराफाकडेच न्यावे लागते. चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे, म्हणून खूण मागून घ्यावी. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसतेच.

राहिला संकोचाचा प्रश्न. किंमत दाखवायची नसेल, तर बिल बंद पाकिटात घालून डबीसोबत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे.