पाव का फुगत नाही?

मैत्रिणींनो, थंडी सुरू झाली की या सदराकडे एक तक्रार हमखास येते. घरी पाव करायला घेतला, कृती अगदी काट्यावर मोजून केली, आणि पीठ जसंच्या तसं गोळा होऊन बसलं! नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र याच धर्तीचं आहे. त्यांनी सगळं इतक्या तपशीलवार लिहिलंय, की आज तेवढं एकच पत्र आपण उलगडून पाहू या. त्यात बहुतेकींच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

त्यांनी घेतलं होतं अर्धा किलो मैदा, दोन चहाचे चमचे दाणेदार कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, थोडं लोणी आणि मीठ. पाव कप कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून त्यात यीस्ट भिजवलं. दहा मिनिटांत वर छान फेस आला. मग मैद्यात ते ओतलं, फ्रीजमधलं अर्धा कप दूध आणि नळाचं अर्धा कप पाणी घालून कणीक मळली, पातेल्यात ठेवली आणि थंडी आहे म्हणून वरून जाड शाल गुंडाळली. तास झाला, दीड तास झाला, पीठ काही हललं नाही. शेवटी तसेच गोळे करून भाजले, तर पाव कसले, विटाच झाल्या. “यीस्ट तर फसफसलं होतं, मग चूक कुठे?” असं त्या विचारतात.

चूक यीस्टमध्ये नव्हतीच. चूक होती दुधात, पाण्यात आणि शालीत. कशी ते सांगते.

आधी यीस्टबद्दल. यीस्ट म्हणजे सोड्यासारखी पूड नव्हे, ते जिवंत असतं. साखर खाऊन ते वायू सोडतं आणि तो वायू कणकेत अडकला की पीठ वर येतं. दाणेदार यीस्टचा प्रत्येक दाणा वाळवलेला, झोपलेला असतो. त्याला उठवायला कोमट पाणी लागतं, साधारण ४० अंश सेल्सिअसचं. विरजण लावताना आपण दुधात बोट बुडवून पाहतो ना, तीच काळजी इथे. पाणी फार गार असेल तर दाणे नीट जागे होत नाहीत. फार गरम असेल तर मरतात. ५५ ते ६० अंशांवर तर यीस्ट उरतच नाही, आणि एकदा मेलेलं यीस्ट नंतर कितीही वेळ थांबलात तरी काम करत नाही.

घरात थर्मामीटर नसला तरी अडत नाही. थंडीत नळाचं पाणी साधारण १८ अंशांचं असतं. असं तीन वाट्या पाणी आणि एक वाटी उकळतं पाणी एकत्र केलं, की जवळजवळ ४० अंश होतात. उन्हाळ्यात नळाचंच पाणी कोमट असतं, तेव्हा उकळत्या वाटीला पाच वाट्या नळाचं पाणी घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पहा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं लागतं, तसं लागलं पाहिजे. चटका बसला तर अजून थांबा.

या पाण्यात यीस्ट दहा मिनिटं ठेवल्यावर वर मऊ, साईसारखा जाड फेस यायला हवा. नुसते चार-दोन बुडबुडे दिसले आणि दाणे तळाशी बसले, तर ते यीस्ट टाकून द्या, त्यावर मैदा वाया घालवू नका. पाकीट फोडल्यावर उरलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावं. दमट हवेत उघडं राहिलं की त्याचा जोर जातो. पाकिटावर ‘इन्स्टंट’ असं लिहिलेलं बारीक दाण्याचं यीस्ट असेल, तर ते भिजवायची गरज नाही, सरळ मैद्यात मिसळता येतं.

आता पत्राकडे वळू. फेस आला, म्हणजे यीस्ट जिवंत आहे एवढंच कळलं. पण पुढे त्या यीस्टला राहायचंय कणकेत, आणि कणीक किती ऊबदार आहे यावर त्याचा वेग ठरतो. या भगिनींनी पाव कप कोमट पाण्यावर फ्रीजमधलं दूध आणि नळाचं गार पाणी घातलं. मैदाही थंड स्वयंपाकघरातलाच, म्हणजे १७ अंशांच्या आसपास. हिशेब केला तर मळलेली कणीक १७-१८ अंशांच्या वर गेलीच नसणार. उठलेल्या यीस्टला पुन्हा गारठ्यात टाकल्यासारखं झालं. ते मेलं नाही, मंदावलं. २७ अंशांच्या कणकेला फुगायला जिथे एक तास पुरतो, तिथे १७ अंशांच्या कणकेला अडीच-तीन तास लागतात. त्यांनी दीड तासाने हार मानली, इतकंच.

आणि ती शाल? मैत्रिणींनो, शाल ऊब तयार करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. आपल्या अंगाला शाल गरम वाटते कारण अंग स्वतः गरम असतं. गार कणकेवर गुंडाळली, तर ती गारवाच जपते! बाहेर ऊन तापलं तरी आतलं पीठ लवकर गरम होणार नाही.

तेव्हा उपाय सोपा. थंडीच्या दिवसांत नुसतं यीस्टचं पाणी नव्हे, तर कणकेत जाणारा सगळाच ओलावा कोमट हवा. दूध तापवून कोमट करा, बाकीचं पाणीही तसंच घ्या. याच अर्धा किलो मैद्याला एकूण सव्वा कप म्हणजे साधारण ३०० मिलिलिटर ओलावा ४० अंशांचा घातला, तर मैदा गार असूनही मळलेली कणीक २७-२८ अंशांवर येते. हाताला ती किंचित ऊबदार लागते. गार लागली तर समजा, वेळ लागणार. लोणीही आधी बाहेर काढून मऊ होऊ द्या.

अशी ऊबदार कणीक मात्र शालीत किंवा जाड टॉवेलात जरूर गुंडाळा. त्याहून चांगलं म्हणजे ती बंद ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन पेटवायचा नाही. तळाशी उकळत्या पाण्याचं पातेलं, वर तेलाचा हात लावून झाकलेलं पीठ, आणि दार बंद. पाऊण तासाने पाणी बदला. ओव्हन लहान असेल किंवा नसेलच, तर मोठ्या परातीत कोमट पाणी घेऊन त्यात पिठाचं पातेलं ठेवा आणि वरून टॉवेल पांघरा. एक पथ्य मात्र पाळा. गॅसजवळ किंवा चटका बसेल अशा जागी पातेलं ठेवू नका. बाहेरचा थर जास्त तापून आंबतो, वास येतो, आणि आतला गोळा गारच राहतो. जागेत हात घातला तर चैत्रातल्या दुपारसारखी ऊब जाणवावी, त्याहून जास्त नको.

किती वेळ ठेवायचं हे घड्याळाला विचारू नका, पिठाला विचारा. कृतीत ‘एक तास’ लिहिलेला असतो, पण ज्यांनी लिहिला त्यांच्या स्वयंपाकघरात किती ऊब होती, हे आपल्याला कुठे माहीत? यासाठी एक युक्ती करा. मळलेल्या कणकेतला लिंबाएवढा गोळा काढून सरळ बाजूंच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि त्याच्या उंचीवर रबर बँड लावा. ग्लास झाकून पिठाच्या शेजारीच ठेवा. ग्लासातला गोळा रबर बँडच्या दुप्पट उंच चढला, की पातेल्यातलं पीठही तयार झालं म्हणून समजा. पसरट पातेल्यात दुप्पट झालं की नाही हे नजरेला फसवतं, ग्लासात फसवत नाही. मग पिठीत बुडवलेलं बोट पिठात दोन पेरं खुपसून पहा. खळगा तसाच राहिला तर पाव वळायला घ्या, लगेच भरून आला तर आणखी थांबा. वळलेले पाव ट्रेमध्ये पुन्हा फुगवायचे असतात. तेव्हा खळगा हळूहळू, अर्धवट भरला की भाजायची वेळ झाली.

आणि तरीही पीठ बसूनच राहिलं, तर? टाकून देऊ नका. सुरीने गोळ्याला एक छेद द्या. आत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसली, तर यीस्ट काम करतंय. त्याला ऊब द्या आणि थांबा. ऊबदार जागेत दोन तास राहूनही आत छिद्र नाही, कापलेला भाग गुळगुळीत आणि घट्ट आहे, तर यीस्ट मेलेलं आहे. अशा वेळी दोन मोठे चमचे कोमट पाण्यात चमचाभर ताजं यीस्ट फसफसवून घ्या, मूठभर मैद्याबरोबर त्याच कणकेत मळा आणि पुन्हा ठेवा. तेवढा वेळ नसेल तर लाटून तव्यावर जाड पोळ्या भाजा, मुलं भाजीबरोबर खातील. मंद पिठात घाईने जास्त यीस्ट ढकलायचा मोह मात्र टाळा. ऊब मिळताच ते सगळं एकदम उसळतं आणि पावाला आंबूस, कडवट वास येतो.

ज्यांना सकाळी नोकरीला किंवा शाळेला निघायचं असतं, त्यांनी तर थंडीचा फायदाच करून घ्यावा. रात्री अर्धा किलो मैद्याला दोनऐवजी फक्त अर्धा चमचा दाणेदार यीस्ट घ्यायचं. ते थोड्या कोमट पाण्यात उठवून घ्यायचं, बाकी पाणी साधं, आणि दूध घालायचं नाही. मळून झाकून ओट्यावर ठेवून द्या. १७-१८ अंशांच्या स्वयंपाकघरात नऊ-दहा तासांत, म्हणजे सकाळपर्यंत, ते सावकाश दुप्पट होतं, आणि हळू फुगलेल्या पावाला चवही जास्त येते. फक्त हे गणित थंडीपुरतं ठेवा. मार्चनंतर तेच पीठ मध्यरात्रीच फुगून सकाळी खाली बसलेलं सापडेल, तेव्हा ते फ्रीजमध्ये ठेवावं.