नोटिशीच्या पैशांचा हिशेब

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात साडेतीन वर्षे अभियंता म्हणून चाकरी केल्यावर माझा भाचा अधिक वेतनाच्या जागेवर सांगलीजवळ कुपवाडला रुजू झाला, तोच जुन्या मालकांचे पत्र येऊन थडकले, की साठ दिवसांच्या नोटिशीची अट मोडल्याबद्दल त्याने ७२,००० रुपये, म्हणजे दोन महिन्यांचे संपूर्ण वेतन भरावे. तोवर कार्यमुक्तीचा दाखला मिळणार नाही.

त्याने संतापाने लिहिलेल्या मसुद्यात जादा पाळ्यांची आणि डावललेल्या बढतीची कैफियत होती. ती खरी होती, परंतु मागणीच्या रकमेशी तिचा संबंध नसल्यामुळे मी ती वगळावयास सांगितली आणि नियुक्तिपत्र मागवून घेतले. त्यातील मजकूर असा होता, की नोटिशीची मुदत जितकी अपुरी पडेल तितक्या दिवसांचे मूळ वेतन द्यावे. ज्या पत्रांत नुसता ‘वेतन’ हा शब्द असतो, तेथे मूळ की एकूण हा वाद उपस्थित होतो. येथे तो नव्हता. राजीनाम्यानंतर तीस दिवस त्याने हजेरी लावली होती. तेव्हा उणीव तीस दिवसांची, आणि मूळ वेतन १८,००० असल्यामुळे देणे तेवढेच. उलट अखेरच्या महिन्याचा ३६,००० रुपयांचा पगार मालकांनी अडवून ठेवला होता. वजावट केल्यावर शिल्लक रजेचा मोबदला सोडूनही १८,००० रुपये मालकांकडूनच येणे निघत होते.

अशा अटींना न्यायालयात किंमत नसते, असे त्याचे सहकारी त्याला सांगत होते, आणि मला याच सल्ल्याची अधिक धास्ती वाटली. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ अन्वये करारातील रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा ठरते, आणि तिच्या आत वाजवी भरपाई मागता येते. पण म्हणून अटच रद्द होते असे नाही. विजया बँकेचा एक अधिकारी तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी दुसऱ्या बँकेत गेला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेल्या दोन लाखांची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली. सरकारी बँकेला पुन्हा जाहिरात देऊन भरतीचा खटाटोप करावा लागतो, हे तेथे महत्त्वाचे कारण होते. खाजगी कारखान्याला तो निर्णय जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. तरी केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबून देणे नाकबूल करणे मला अनुचित वाटले.

म्हणून अखेरच्या उत्तरात तीस दिवसांची उणीव त्याने स्पष्ट कबूल केली, संबंधित कलमाचा उतारा दिला, आणि कामाचा कार्यभार सोपविल्याची सहीची यादी व राजीनामा स्वीकारल्याचा ई-मेल सोबत जोडला. नोटिशीच्या बाकीपोटी भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही, याचीही त्यात नोंद केली. कारण मालकांच्या पत्रात तसे सूचित होते. उत्तर पोचपावतीसह टपालाने रवाना झाले, आणि त्यात पंधरा दिवसांत वजावटीचा लेखी हिशेब, उरलेली रक्कम व कार्यमुक्तीचा दाखला यांची मागणी होती.