बैठकीतलं एकटं स्टूल

मैत्रिणींनो, धान कापून, मळून घरात आलं की आमच्या मुलचेऱ्याकडे सोयरिकींचे दिवस सुरू होतात. आष्टीच्या बाजूने एखादी अनोळखी गाडी आली, त्यातून पाच-सहा पुरुष उतरले, की गल्लीतल्या लहान पोरांनाही कळतं, कुणाकडे तरी ‘मुलगी पाहायला’ पाहुणे आले. मग घरात धावपळ. पोहे, चहा, सतरंजी, आणि बैठकीच्या मधोमध एक स्टूल. ते कुणासाठी, हे तुम्हांला सांगायला नको.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं आणि २०२५ च्या मार्चमध्ये तो आपल्याकडे लागला. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातली सविता ही त्याची नायिका. बी.ए.ला समाजशास्त्र शिकते, स्पर्धा परीक्षेची स्वप्नं पाहते. तिला पाहायला एकामागून एक पाहुणे येतात आणि नाव, शिक्षण, उंची असे तेच ते प्रश्न विचारतात. सुरुवातीला मात्र दिग्दर्शकाने गंमत केली आहे. तिथे बायका बसल्या आहेत आणि मुलाला समोर घेऊन प्रश्न विचारताहेत. पाहताना आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की यात वेगळं काहीच नाही, फक्त खुर्च्यांची अदलाबदल झाली आहे.

त्या प्रश्नांकडे जरा नीट पाहा. नाव, शिक्षण, उंची, मामेकूळ, भावंडं किती. यातलं एकही असं नाही की जे बायोडाटात लिहिलेलं नसतं! पाहुण्यांच्या खिशातल्या मोबाइलवर ते सगळं असतं. तरी विचारतात, कारण दुसरं काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. म्हणून भेट मोकळी व्हावी असं वाटत असेल, तर तयारी पोह्यांच्या आधी आठ दिवस सुरू करायची. जे जे कागदावर मावतं ते मध्यस्थामार्फत आधीच दोन्हीकडे पोचवायचं, आणि मुलाचीही माहिती तितकीच बारकाईने मागायची. पगार, शेती, घरी कोण कोण, लग्नानंतर मुलीने नोकरी केली तर चालेल का, हे सगळं फोनवर. मुलीने ते स्वतः वाचून ‘येऊ द्या’ म्हटलं, तरच पाहुण्यांना बोलवायचं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट या कागदात हवी, ती म्हणजे सिकलसेलची तपासणी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार बराच आहे. नुसता वाहक असलेल्या माणसाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतच नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. चारचौघांत ‘तुमच्या मुलीला काही आजार वगैरे?’ असं विचारलं की मुलीचा चेहरा उतरतो. तेच दोन्हीकडचे अहवाल आधी बदलून घेतले की प्रश्नच उरत नाही. एकट्या मुलीचाच अहवाल मागणाऱ्यांना ‘तुमच्याकडचाही पाठवा’ असं निःसंकोच सांगावं.

आता बैठक. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तोंडी परीक्षेला मुलाला टेबलासमोर एकटं उभं केलं की पाठ असलेली कविता विसरतो, आणि तोच मुलगा मधल्या सुटीत बाकावर शेजारी बसला की न थांबता बोलतो. मोठ्यांचंही तसंच आहे. एका बाजूला सहा माणसं, दुसऱ्या बाजूला एकटी मुलगी, अशी मांडणी केली की कितीही प्रेमळ पाहुणा परीक्षक होतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारी चंद्रपूरचे पाहुणे यायचे होते. शेजारच्या वहिनींनी दोन गोष्टी आधीच कळवल्या. चारच जण या, आणि त्यात मुलाची आई किंवा बहीण असू द्या. गोंडपिंपरी-आष्टीवरून येणारा माणूस मुलचेऱ्याला पोचेपर्यंत आंबून जातो. म्हणून आल्या आल्या हातपाय धुवायला पाणी, मग पंधरा मिनिटं नुसतं बसणं. मुलगी त्या वेळीच बैठकीत होती, आईशेजारी, सगळ्यांसारख्याच खुर्चीवर. त्यामुळे ‘मुलीला बोलवा’ हा जीव घाबरवणारा क्षण आलाच नाही. पोहे-चहाचा ट्रे तिच्या भावाने आणला. त्यावर एका आजीबाईंनी नाक मुरडलं, पण मुरडू द्या!

तरीही मुलाच्या काकांनी सुरुवात केलीच, ‘स्वयंपाक काय काय येतो?’ मुलगी म्हणाली, ‘सगळा येतो.’ आणि गप्प. गाडी मुलाखतीच्या रुळावर चालल्याची खूण हीच. उत्तरं दोन शब्दांवर येतात आणि खोलीतले सगळे एकाच दिशेला पाहू लागतात. अशा वेळी घरच्या बाईने प्रश्न उचलून सर्वांमध्ये टाकावा. वहिनींनी काकांनाच विचारलं, ‘चंद्रपुरात वास्ते मिळतात का हो पावसाळ्यात? तुमच्याकडे कशी करतात भाजी?’ काका रंगात आले, मुलाची आई म्हणाली की वास्ते चिरायला तिला मुळीच आवडत नाही, आणि मुलगी हसून म्हणाली, ‘मलाही नाही.’ स्वयंपाकाबद्दल जे कळायचं ते कळलं की!

मग दोघांचं बोलणं. ‘जा, बोला पाच मिनिटं’ म्हणून खोलीत पाठवतात आणि दाराशी चार कान लागलेले असतात. पाच मिनिटांत तर घाम पुसूनच होतो. वीस-पंचवीस मिनिटं तरी द्यावीत, आणि जागा अशी की दिसतील पण ऐकू येणार नाही. वहिनींनी अंगणात दोन खुर्च्या टाकल्या आणि मध्ये पोपटाच्या शेंगांचं सूप ठेवलं. संध्याकाळच्या भाजीसाठी सोलायच्याच होत्या. हातांना काम असलं की सारखं एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही आणि बोलणं थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. मुलाला शेंग नीट सोलता येत नव्हती; तिथूनच बोलणं सुरू झालं म्हणे.

मुलींनो, तुमच्यासाठी एवढंच. जे विचारायचं त्याचं आपलं उत्तर आधी सांगून टाका. ‘तुम्हाला पुढे काय करायचंय?’ हा परीक्षेचा प्रश्न. ‘मला पुढच्या वर्षी परीक्षा द्यायची आहे, रोज चार तास लागतील, तुमच्या घरी सकाळ कशी असते?’ असं म्हटलं की समोरच्याला घरातलं खरं चित्र सांगावंच लागतं. तो ‘ते आई बघेल’ म्हणाला, तर तेही उत्तरच समजा.

राहता राहिला निकाल. ‘कळवतो’ म्हणून पाहुणे निघाले की त्या दिवसापासून मुलीचं घर फोनकडे डोळे लावून बसतं. म्हणून निघतानाच ठरवावं, आठ दिवसांत दोन्हीकडून मध्यस्थाला कळवायचं, होकार असो की नकार. वहिनींनी तसंच सांगितलं, तेव्हा काका चमकले. ‘म्हणजे तुम्हीही कळवणार?’

‘हो तर,’ वहिनी म्हणाल्या, ‘तिला विचारून.’

सातव्या दिवशी आधी इकडूनच फोन गेला. आणखी एकदा भेटायचं आहे, या वेळी आम्ही चंद्रपूरला येतो, असा.