'अ' तुकडीच हवी?

जून उजाडला की शाळांच्या कचेरीबाहेर एक रांग लागते. प्रवेशाची नाही, ती केव्हाच संपलेली असते. ही रांग तुकडी बदलून मागणाऱ्यांची. चोवीस वर्षं माध्यमिक शाळेत वर्गशिक्षिका म्हणून काढल्यामुळे ती मी कचेरीच्या आतल्या बाजूने पाहिली आहे. नात्यातल्या लोकांना हे माहीत असल्याने जूनमध्ये मला हमखास फोन येतात. "ताई, एक अर्ज लिहून दे ना, चांगली कारणं घालून." म्हणजे कारणं मी घालायची!

तर आज स्पष्टच लिहिते. तुकडी बदलाचे बहुतेक अर्ज नाकारले जातात आणि ते नाकारलेच पाहिजेत. त्याचा तोटा एवढाच होतो की ज्या मुलाला खरोखर गरज असते, त्याचा अर्जही त्याच गठ्ठ्यात बांधला जातो.

नेहमीची कारणं तुम्हालाही पाठ असतील. "अ तुकडीतली मुलं हुशार आहेत." "त्याचे सगळे मित्र तिकडे गेले." "या वर्गात फार दंगा असतो." "तिकडच्या बाई गणित छान शिकवतात." यातलं एकही खोटं नसेल. पण मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून वाचा. बाई छान शिकवतात म्हणून एकाला सोडलं, तर उद्या त्याच बाईंसाठी चाळीस पालक दारात. मुख्याध्यापक तुमच्या मुलाला नाही म्हणत नाहीत, त्या चाळीस जणांना म्हणतात.

शिवाय तुकडी बदलणं म्हणजे नुसतं बाक बदलणं नव्हे. जनरल रजिस्टरचा क्रमांक तोच राहतो, पण हजेरीपटातून नाव काढून दुसरीकडे चढवायचं, नवा हजेरी क्रमांक द्यायचा, प्रयोगाचा गट बदलायचा, ऑनलाइन नोंदीतही तुकडी दुरुस्त करायची. आठवीपासून भाषांचा गुंता असतो. एका तुकडीला पूर्ण संस्कृत, दुसरीला संयुक्त हिंदी-संस्कृत. कुठे सेमी, कुठे संपूर्ण मराठी. काही शाळांत तर एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असते, म्हणजे फीसुद्धा बदलते. हे न पाहता 'अ' मागणारा पालक आपण नेमकं काय मागतोय हेच जाणत नसतो.

मग खरं कारण कोणतं? मी तीन प्रश्न विचारते. एक, हे त्याच तुकडीत सुटेल का? फळा दिसत नसेल तर बाक बदला, तुकडी कशाला? दोन, हे कारण या मुलापुरतं आहे की कुणालाही लागू पडेल? तीन, तुमच्या शब्दावर विश्वास न ठेवताही शाळेला ते तपासून पाहता येईल का? तिन्हींना नीट उत्तर असेल तरच कागद हातात घ्यावा.

गेल्या जूनमध्ये माझ्या मावसबहिणीने मुलासाठी असाच अर्ज लिहून पाठवला. आठवी 'क'. अर्जात वरची चारही कारणं होती, शिवाय "मुलाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी" हेही. फोनवर तिला खोदून विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. मुलगा बोलताना अडखळतो. सातवीत दोन मुलं वर्षभर त्याची नक्कल करत होती. फेब्रुवारीत वर्गशिक्षकांनी तिन्ही घरच्यांना बोलावलं होतं, वहीत नोंद झाली होती. आठवीला तुकड्या नव्याने पाडल्या आणि तिघंही पुन्हा 'क'मध्ये. दहा दिवसांत मुलाने वाचनासाठी उभं राहणं बंद केलं. हे सगळं अर्जात नव्हतंच! का, तर "शाळेत उगाच बोभाटा नको." चांगलं दिसणारं कारण लिहायच्या नादात खरं कारण घरीच राहिलं.

आम्ही तो अर्ज फाडून नवा लिहिला. मुख्य मजकूर एवढाच:

"माझा मुलगा इयत्ता ८ वी 'क'मध्ये आहे. त्याला बोलताना अडखळण्याचा त्रास असून वाचा-उपचार चालू आहेत (प्रमाणपत्र सोबत). इयत्ता ७ वीत दोन विद्यार्थी त्यास चिडवत असत. याबाबत फेब्रुवारीत पालकांची बैठक झाली, तिची नोंद शाळेत आहे. तेच विद्यार्थी यंदा त्याच्या तुकडीत आहेत. वर्गशिक्षकांनी जागा बदलून पाहिली, तरी प्रकार थांबलेला नाही. तरी सेमी व संयुक्त हिंदी-संस्कृत असलेल्या अन्य कोणत्याही तुकडीत त्यास बदल मिळावा, ही विनंती."

यात "अन्य कोणत्याही" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. नेमकी 'अ' मागितली की मुख्याध्यापकांना वाटतं, चिडवण्याचं निमित्त आहे, डोळा हुशार तुकडीवर आहे. कुठलीही चालेल म्हटलं की शंकेला जागा उरत नाही, आणि जिथे पट कमी आहे तिथे मुलाला बसवायला शाळा मोकळी राहते. दुसरं, पुरावा शाळेच्याच वहीतला आहे. तो नाकारायचा तर शाळेला स्वतःची नोंद नाकारावी लागते. तिसरं, बाक बदलून पाहिला हे आधीच सांगितल्याने नेहमीचं उत्तर द्यायला वाव राहिला नाही. त्या दोन मुलांची नावं मुद्दाम घातली नाहीत, ती शाळेला ठाऊक होती. अर्ज जूनमध्येच दिला, पहिल्या घटक चाचणीच्या आधी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि पोच घेतली. तोंडी विनंतीला तोंडीच नकार मिळतो आणि त्याचा माग राहत नाही.

आठवड्याभरात तो 'ड'मध्ये गेला. हो, 'ड'मध्ये! मावशी हळहळली, मुलगा मात्र पुन्हा उभा राहून वाचू लागला.

यावर कुणीही विचारेल की चिडवणारे दोघे मजेत तिथेच राहिले आणि सोसणाऱ्याने बिऱ्हाड हलवायचं, हा कुठला न्याय? बरोबर आहे. हा न्याय नाहीच. त्या दोघांचं काय करायचं ही शाळेची वेगळी जबाबदारी आहे, आणि तुकडी बदलून दिली म्हणजे ती संपली असं शाळेने समजू नये. पण त्याचा निकाल लागेपर्यंत मुलाने गप्प बसून राहावं, हेही मला मान्य नाही.

आणि आता शाळांनाही दोन शब्द. गुणांच्या उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड पाडायच्या आणि मग पालक 'अ'साठी वशिला लावतात म्हणून कपाळाला हात लावायचा, हे ढोंग आहे. ती रांग तुम्हीच लावली. सगळे गुण सगळ्या तुकड्यांत मिसळा, तुकड्या कशा पाडल्या ते फलकावर लिहा, नगरसेवकाची चिठ्ठी आणणाऱ्यालाही तोच अर्ज भरायला लावा, आणि नकार द्याल तो कारणासह लेखी द्या. रांग निम्मी होईल. उरलेल्या निम्म्यात एखादं वाचायला उभं न राहणारं पोर असेल. त्याचा अर्ज नीट वाचायला मग तुम्हाला वेळ मिळेल.

असो. नातेवाईक मंडळींनो, यंदाही फोन जरूर करा. पण "चांगली कारणं" मागू नका. मुलाला नेमकं काय होतंय ते सांगा, अर्ज त्यातूनच तयार होतो. आणि सांगण्यासारखं काही नसेल, तर आहे त्या तुकडीत राहू द्या त्याला. दिवाळीपर्यंत नवे मित्र होतात.