टक्के विचारू नका, लेखनिक द्या!

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा तालुक्यांतील विद्यार्थी, पालक, प्राध्यापक आणि परीक्षा विभागांतील कर्मचाऱ्यांसाठी

मी याच जिल्ह्यात बी.ए. करतो. पेन धरला की दहा-पंधरा मिनिटांत माझ्या उजव्या हाताची बोटं आखडतात, अंगठा आत वळतो आणि पेन कागदावरून घसरतो. उत्तर तोंडपाठ असतं, पण हातून उतरत नाही. लेखनिक आणि जादा वेळ मागण्यासाठी मी परीक्षा विभागात अर्ज नेला. टेबलावरून प्रश्न आला, "टक्के किती?" चाळीसपेक्षा कमी आहेत म्हटल्यावर कागद परत माझ्या हातात आला. "बसत नाही नियमात."

कोणत्या नियमात बसत नाही, ते मात्र कुणी लिहून दिलं नाही. देता येणारही नाही, कारण हा नियम सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या खटल्याचा निकाल लागला. त्या उमेदवारालाही लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि वैद्यकीय मंडळाने त्याचं अपंगत्व अवघं ६ टक्के ठरवलं होतं. न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ४० टक्क्यांची रेषा आहे ती आरक्षणासारख्या लाभांसाठी. परीक्षेतल्या सोयीसाठी प्रश्न एकच: हा विद्यार्थी लिहू शकतो का? या निकालानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीसपेक्षा कमी टक्के असलेल्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात हवं आहे ते लिहिण्यातल्या अडचणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालील मंडळ तपासणी करून ते देतं. म्हणजे परीक्षा विभागाने टक्के मोजायचे नाहीत, हे प्रमाणपत्र पाहायचं.

मित्रांनो, अर्ज मोघम लिहू नका. "मला सवलत मिळावी ही विनंती" एवढ्यावर भागत नाही. मी दुसऱ्यांदा दिलेल्या अर्जातला मजकूर असा:

"मा. महोदय, उजव्या हाताच्या विकारामुळे मला सलग लिहिता येत नाही. वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र जोडलं आहे. सर्व लेखी पेपरसाठी मला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ द्यावा. तीन तासांच्या पेपरला हा वेळ ६० मिनिटं आणि दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं होतो. लेखनिक माझ्यापेक्षा खालच्या वर्गातला असेल. त्याचं नाव आणि शिक्षणाची कागदपत्रं सोबत आहेत. ऐनवेळी तो आजारी पडल्यास बदली लेखनिकाला परवानगी असावी. मला उत्तरं बोलून सांगायची असल्याने तळमजल्यावर स्वतंत्र खोली मिळावी. जादा वेळेची लेखी सूचना केंद्रप्रमुख आणि त्या खोलीच्या पर्यवेक्षकांना पेपरच्या आधी मिळावी. अर्ज नाकारायचा असल्यास नियमाचा उल्लेख करून लेखी कळवावं."

यातलं सूचनेचं वाक्य कुणी गाळू नका. २०२१ च्या 'नीट' परीक्षेत एका विद्यार्थिनीचा पेपर जादा तास न देता इतरांसोबतच काढून घेतला गेला. केंद्रावरच्या लोकांना नियमच माहीत नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तो दुरुस्त करायचा मार्ग शोधायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. हक्क कागदावर शाबूत होता आणि पेपर हातातून गेला होता! आपल्याकडेही तेच होऊ शकतं. दुपारी दोनचा तीन तासांचा पेपर माझ्यासाठी सहाला संपतो, पण पाचला इतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात, शिपाई खोल्यांना कुलपं लावू लागतो. त्या खोलीतल्या पर्यवेक्षकाच्या हातात आदेश नसेल, तर तो बिचारा काय करणार? त्याच्यावर माझा राग नाही. आदेश खाली न पाठवणाऱ्या कार्यालयावर आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसेल तर पुढे विद्यापीठात किंवा पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना, अर्ज दिलाच नव्हता असं म्हणायला कार्यालय मोकळं राहतं. लेखनिकाची आणि तुमची आधी गाठ पडू द्या. तो सूत्रं, तारखा, जोडाक्षरं कशी लिहितो ते पेपरच्या दिवशी कळून उपयोग नाही.

जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांकडे आमची मागणी अशी: लेखनिक व जादा वेळेच्या अर्जाचा नमुना परीक्षा फॉर्मसोबतच द्या, टक्केवारीची अट फलकावरून आणि तोंडातूनही काढा, आणि प्रत्येक अर्जाचा निर्णय हॉल तिकीट निघण्याआधी लेखी द्या. ज्यांचे अर्ज तोंडी परत केले गेले, त्यांनी ते याच आठवड्यात पुन्हा दाखल करावेत.

— वाशिम जिल्ह्यातील एक दिव्यांग विद्यार्थी आणि त्याचे सहकारी